आयवॉश आणि सेफ्टी शॉवरची आठवड्याची तपासणी: नोंदवहीत ‘ओके’ऐवजी काय लिहायचं

प्रयोगशाळेत नवीन रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात एक रजिस्टर येतं. कोपऱ्यातल्या हिरव्या आयवॉशचं आणि दाराजवळच्या सेफ्टी शॉवरचं. उघडून पाहिलं तर आधीच्या माणसाची वर्षभराची सही आणि प्रत्येक सहीसमोर ‘ओके’. मला बडोद्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करायला लागून एकोणीस वर्षं झाली. त्याआधीची दोन वर्षं मीही तसंच लिहीत होते. तेव्हा मी दुसऱ्या एका कॉलेजात होते, तिथे एका मुलीच्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण उडालं. आम्ही तिला धरून आयवॉशकडे नेलं, पॅनल ढकललं, आणि दोन थेंब गळून पाणी बंद. खालच्या मजल्यावर गळती काढताना प्लंबरने कॉक बंद केला होता, तो तसाच राहिला होता. किती दिवस, ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण रजिस्टरमध्ये त्या सगळ्या आठवड्यांसमोर ‘ओके’ होतं. तिला बेसिनच्या नळाखाली धरावं लागलं. डोळा वाचला. त्या दिवसापासून मी रजिस्टरमध्ये ‘ओके’ हा शब्द लिहीत नाही.

या लेखात मी आठवड्याची तपासणी क्रमाने सांगते आणि प्रत्येक पायरीला वहीत नेमकं काय उतरवायचं तेही सांगते. तुमच्याकडे बाटलीतलं आयवॉश असेल, तर त्याची तारीख पाहा, सील पाहा, आणि एवढंच लक्षात ठेवा की ती बाटली आयवॉशपर्यंत जाताना वापरायची असते, आयवॉशच्या जागी नाही. एका बाटलीत पंधरा मिनिटांचं पाणी मावत नाही.

आधी तीन आकडे

जगात बऱ्याच ठिकाणी या उपकरणांसाठी ‘आन्सी झेड ३५८.१’ हे अमेरिकी मानक धरलं जातं. इथे मी २०१४ ची आवृत्ती धरली आहे. आपल्याकडे भारतीय मानक ‘आयएस १०५९२’ आहे. मानकांत पुष्कळ मापं आहेत, पण आठवड्याच्या तपासणीला तीन पुरतात. शॉवरमधून मिनिटाला किमान ७६ लिटर पाणी पडलं पाहिजे. डोळे आणि चेहरा दोन्ही धुणाऱ्या आयवॉशमधून मिनिटाला ११.४ लिटर, आणि फक्त डोळ्यांच्या आयवॉशमधून दीड लिटर. पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या मध्ये असावं. आणि हे सगळं सलग १५ मिनिटं चालायला हवं.

तुमचं आयवॉश कोणत्या जातीचं आहे ते त्याच्यावरच्या पत्र्यावर किंवा खरेदीच्या कागदावर असतं. ते एकदा शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस दीड लिटरच्या मापाने ११.४ वाल्याला पास करील. प्रत्येक उपकरणाला नंबर द्या. आमच्याकडे ‘आ-१’, ‘आ-२’ आणि ‘शॉ-१’ आहेत, रंगाने पाइपवरच लिहिलेले.

पाणी सोडायच्या आधी

तपासणीला दोघं जा. एकाने पाणी सोडायचं, दुसऱ्याने घड्याळ पाहायचं. सोबत घ्या: एक बादली, एक मोठा ड्रम, काचेऐवजी धातूच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर, फोनमधलं स्टॉपवॉच, कपडा, आणि वही. डोळ्यांना गॉगल लावा. बंद पाइपातलं पहिलं पाणी गंजाने भरलेलं असतं, ते तुमच्याच डोळ्यांत जायला नको.

आधी लांबच्या बाकावरून चालत या. मानकाचं माप असं की धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे, वाटेत पायरी नको, कुलूप लागलेलं दार नको. डोळे मिटलेल्या माणसाला वाटेतलं स्टूल दिसत नाही. आमच्या लॅबमध्ये दर परीक्षेच्या आधी उत्तरपत्रिकांची खोकी शॉवरखालीच येऊन बसतात, कारण तेवढीच जागा मोकळी दिसते. खोकी उचलून बाजूला ठेवणं सोपं आहे, पण वहीत लिहायचं असं: ‘शॉ-१ खाली तीन खोकी, हलवली, परीक्षा विभागाला सांगितलं’. तीन आठवडे सलग हीच ओळ आली की प्राचार्यांना दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असतं. आम्हाला शेवटी जमिनीवर पिवळी चौकट रंगवून मिळाली, ती त्या तीन ओळींच्या जोरावर.

मग पाइपच्या मागे मागे जा आणि वाटेतला प्रत्येक कॉक पाहा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर बॉल वॉल्व्ह उघडा आहे, आडवी असेल तर बंद. चाकाचा गेट वॉल्व्ह मात्र नुसता पाहून कळत नाही, हाताने फिरवून पाहावा लागतो. जो कॉक कधीच बंद व्हायला नको, त्याची दांडी उघड्या स्थितीत तारेने आणि शिशाच्या सीलने बांधून घ्या. प्लंबरला काम करायचं असेल तर तो सील तोडील, पण मग तुटलेलं सील पुढच्या सोमवारी तुम्हाला दिसेल. वहीत सीलची अवस्था हा एक वेगळा रकाना ठेवा: ‘सील शाबूत’ किंवा ‘सील तुटलेलं, कॉक उघडा’. माझ्या मते अख्ख्या वहीत हा सगळ्यात कामाचा रकाना आहे.

आयवॉश उघडणं

पॅनल ढकला आणि हात काढून घ्या. हात सोडल्यावरही पाणी चालूच राहिलं पाहिजे, कारण माणसाला दोन्ही हातांनी पापण्या उघड्या धरायच्या असतात. ढकलल्यापासून एका सेकंदाच्या आत पाणी यावं. दोन्ही नोझलवरच्या टोप्या पाण्याच्या जोराने आपोआप उडाल्या पाहिजेत. टोपी हाताने काढावी लागली तर ते नापास. टोप्याच नसतील तर नोझलमध्ये धूळ आणि कोळ्याची जाळी बसते, तेही लिहा.

आता पाण्याचा रंग पाहा. पहिल्या काही सेकंदांत पिवळसर किंवा तांबूस पाणी येणं नेहमीचंच आहे. पण किती वेळ तसं येतं ते महत्त्वाचं. पाइपात आठवडाभर साचलेलं पाणी काढून टाकणं हाच या तपासणीचा अर्धा हेतू आहे. अशा साचलेल्या कोमट पाण्यात अकांथामिबा, स्यूडोमोनास, लिजिओनेला असे जीव वाढतात, आणि अॅसिडने आधीच सोललेल्या डोळ्यावर ते पाणी मारलं तर त्या डोळ्याला दुसरी इजा होते.

किती वेळ सोडायचं? यासाठी ‘एक मिनिट’ असा ठोकळ आकडा मी वापरत नाही. मुख्य पाइपापासून आयवॉशपर्यंतचा जो भाग दुसरं कुणीच वापरत नाही, तेवढी लांबी मोजा. आतून २५ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. आमच्या ‘आ-१’ पर्यंतचा तो भाग १८ मीटर आहे, म्हणजे ९ लिटर. ते आयवॉश मिनिटाला १२ लिटर देतं, म्हणजे पाऊण मिनिटात जुनं पाणी निघून जातं. मी दोन मिनिटं सोडते. पण तेच दीड लिटरचं आयवॉश असतं तर सहा मिनिटं लागली असती, आणि ‘एक मिनिट’ सोडून आपण पाइपाच्या मधलं शिळं पाणी नोझलपाशी आणून ठेवलं असतं. हा हिशेब प्रत्येक उपकरणासाठी एकदा करा आणि निघालेला वेळ पहिल्या पानावर लिहा. वहीत लिहा: ‘१५ सेकंद तांबूस, नंतर स्वच्छ, २ मिनिटं सोडलं’. पुढच्या आठवड्यात ४० सेकंद तांबूस आलं तर कुठेतरी पाइप गंजतोय किंवा टाकीचा गाळ हललाय, हे तुम्हाला आपोआप कळेल.

पाणी स्वच्छ झालं की दोन्ही धारा पाहा. दोन्हींची उंची सारखी असावी, आणि दोन्ही मिळून दोन डोळ्यांवर बसायला हव्यात. याला एक साधं साधन घरीच बनतं. पारदर्शक प्लास्टिकची चार इंच लांब पट्टी घ्या. मध्यभागापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर रेषा मारा: आतल्या दोन रेषांमध्ये ३.२ सेंटिमीटर आणि बाहेरच्या दोन रेषांमध्ये ८.३ सेंटिमीटर अंतर. पट्टी धारेत आडवी धरून नोझलच्या वर २० सेंटिमीटरच्या आत हळूहळू खालीवर करा. कुठल्यातरी एका उंचीवर दोन्ही बाजूंना आतली आणि बाहेरची रेषा यांच्या मधली जागा पाण्याने झाकली गेली की धारा बरोबर. एक बाजू कोरडी राहिली तर बहुधा नोझलमध्ये क्षार बसलेत.

क्षाराचं आमच्याकडे फार होतं. शहराचं आजवा तलावाचं पाणी टाकीत येतं तेव्हा बरं असतं, पण उन्हाळ्यात त्यात बोअरचं पाणी मिसळलं की दोन महिन्यांत नोझलच्या भोकांवर पांढरी खवली चढते. नोझल फिरवून काढा, कोमट पाण्यात लिंबाची फुलं म्हणजे सायट्रिक अॅसिड विरघळवून त्यात अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि परत बसवा. टाचणीने भोकं कोरू नका, भोक मोठं झालं की धार वाकडी होते. हे काम केलेल्या दिवशी वहीत ‘नोझल धुतले’ असं लिहून पट्टीची परत तपासणी लिहा.

आयवॉशच्या भांड्याखालचा निचऱ्याचा पाइप काढून बादली लावली की एक मिनिटाचं पाणी मोजता येतं. बादलीवर ११.४ लिटरची खूण करून ठेवा. हे दर आठवड्याला करायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. धारेच्या उंचीत फरक दिसला तर मात्र त्याच दिवशी.

शॉवर, आणि लादीवर पाणी न सांडता तो कसा मोजायचा

शॉवरची तपासणी टाळली जाते, त्यामागे एकच कारण असतं: खाली जाळी नसते. ७६ लिटरची धार लादीवर पडली की ती बाकांखाली, कपाटांत आणि पलीकडच्या बॅलन्स रूममध्येही जाते. म्हणून आम्ही ताडपत्रीची एक नळी शिवून घेतली आहे. रावपुऱ्यातल्या एका ताडपत्रीवाल्याने दोन मीटर लांब शिवून दिली, वरच्या तोंडाला दोरी ओवली आहे. ती शॉवरच्या गोल तोंडाभोवती बांधायची, खालचं टोक ६० लिटरच्या ड्रममध्ये सोडायचं. पाणी शांतपणे ड्रममध्ये उतरतं. निघालेलं पाणी आम्ही बागेला घालतो. बांधायच्या आधी एकदा वर बघा: जवळ स्विचबोर्ड असेल तर त्यावर पाणी उडणार नाही याची खात्री करा.

ड्रमवर ३८ लिटरला एक जाड रेघ ओढा. मिनिटाला ७६ म्हणजे अर्ध्या मिनिटाला ३८. कडी ओढली की स्टॉपवॉच सुरू, पाणी रेघेला लागलं की बंद. तीस सेकंदांच्या आत रेघ गाठली तर पास. जोडीदाराला फक्त सेकंद बोलायला सांगा, लिटरचा हिशेब नंतर करता येतो. वहीतही सेकंदच लिहा.

कडी ओढून सोडल्यावर पाणी चालू राहतं का, एका सेकंदात पूर्ण येतं का, आणि बंद करताना दांडी अडकते का, हे इथेही पाहा. नळी काढल्यावर महिन्यातून एकदा दोन सेकंद खाली टब ठेवून मोकळी धार सोडा आणि तिचा घेर पाहा. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर तो किमान ५० सेंटिमीटर रुंद हवा. मधूनच पोकळ पडणारी धार म्हणजे तोंडाची भोकं बुजली आहेत.

सेकंद का लिहायचे: एका उन्हाळ्याची गोष्ट

‘शॉ-१’ तळमजल्यावर आहे, टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर, साधारण दहा मीटर वर. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब मिळतो, म्हणून तिथे शॉवर चांगला चालतो. आमच्या वहीत फेब्रुवारीच्या एका सोमवारी ३८ लिटरला २६ सेकंद लागले. पुढचा सोमवार २७, त्यापुढचा २६. मार्चच्या सुरुवातीला टाकी साफ झाली. त्यानंतरच्या सोमवारी २९. त्यापुढच्या सोमवारी ३३.

डोळ्यांनी पाहिलं तर या पाचही दिवशी शॉवर धो धो पडत होता. मी स्वतः तिथे उभी होते, मला फरक दिसला नाही. २६ सेकंदांत मिनिटाला ८८ लिटर पडतं, ३३ सेकंदांत ६९. मानकापेक्षा खाली गेलेलं ते पाणी ‘ओके’ लिहिणाऱ्या माणसाला कधीच कळलं नसतं. प्लंबरभाईंना बोलावलं. ते आधी टाकीकडे निघाले. मी वही दाखवली की बिघाड टाकी साफ झाल्यानंतरच सुरू झालाय आणि ‘आ-१’, ‘आ-२’ च्या धारा जशाच्या तशा आहेत. म्हणजे अडथळा टाकीत नाही, फक्त शॉवरच्या फांदीत आहे. त्यांनी शॉवरच्या कॉकच्या आधीची गाळणी उघडली. तिच्या जाळीवर टाकीच्या भिंतीवरून सुटलेल्या खवल्यांचा थर होता. धुऊन बसवली, त्याच दुपारी परत मोजलं: २६ सेकंद. गाळणी धुणं हे तसं पंधरा मिनिटांचं काम, पण कुठे पाहायचं हे वहीने सांगितलं नसतं तर आम्ही दोन दिवस टाकी आणि पंप शोधत बसलो असतो.

तुमची लॅब वरच्या मजल्यावर असेल तर मात्र पहिल्याच दिवशी ३० सेकंदांत न बसण्याची तयारी ठेवा. टाकी तोंडापासून फक्त तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ किलो. गाळणी कितीही धुतली तरी पाणी वाढणार नाही. तिथे पाइप जाड करणं किंवा लहान पंप बसवणं हाच मार्ग, आणि पंप असेल तर वीज गेल्यावर काय होतं ते एकदा मेन स्विच बंद करून तपासा. असं ‘पहिल्यापासूनच कमी’ असणं आणि ‘हळूहळू कमी होत गेलेलं’ असणं यांचे उपाय वेगळे आहेत, आणि वहीतल्या पहिल्या आकड्याशिवाय दोन्ही सारखेच दिसतात.

बडोद्याच्या मे महिन्यात गरम पाणी

तापमानाचा रकाना नवीन माणसाला निरर्थक वाटतो, कारण तपासणी सकाळी नऊला होते. सकाळी आमच्या टाकीचं पाणी ३० अंशांवर असतं. दुपारी अडीचला, बाहेर बेचाळीस अंश असताना, तेच मी ४६ वर पाहिलं आहे. ३८ च्या वरचं पाणी डोळ्याला सोसत नाही. माणूस पंधरा मिनिटांच्या जागी दोन मिनिटांत बाजूला होतो. शिवाय गरम पाण्याने अॅसिड किंवा अल्कलीची क्रिया उलट वाढू शकते. म्हणून मार्च ते जून आम्ही तपासणी दुपारी अडीचला करतो आणि वहीत तारखेबरोबर वेळ लिहितो. वेळेशिवाय लिहिलेलं तापमान वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

तापमान दोनदा घ्या: पहिल्या दहा सेकंदांत, आणि दोन मिनिटं सोडल्यावर. दोन आकड्यांतून कारण कळतं. गेल्या मे महिन्यात ‘आ-२’ ला पहिला आकडा ४६ आणि दुसरा ३६ आला. म्हणजे टाकी ठीक आहे, पश्चिमेच्या भिंतीवरून उन्हात येणारा पाइप तापतोय. त्यावर काळा फोम गुंडाळून वरून पांढरी टेप मारली, पुढच्या आठवड्यात पहिला आकडा ३९ आला, आणि भिंतीवर छज्ज्यासारखी पत्र्याची पट्टी लावल्यावर ३७. दुसऱ्या एका दुपारी मात्र ‘शॉ-१’ ला ४४ आणि ४३ आले. दोन मिनिटांनीही उतरत नाही म्हणजे टाकीच तापली आहे. तिला पाइप गुंडाळून काही उपयोग नाही. काळ्या टाकीवर पांढरा रंग आणि वर बांबूच्या तट्ट्याचा मांडव घातला. तो होईपर्यंत सरांनी तीव्र अॅसिडचे प्रॅक्टिकल सकाळी साडेआठला घेतले, दुपारी नाही. हे तात्पुरतं पाऊल आहे, म्हणून ते वहीत ‘तात्पुरतं’ असंच लिहा, आणि ते कधी संपलं तेही.

पंधरा मिनिटांचं पाणी आहे का

आठवड्याच्या तपासणीत पंधरा मिनिटं शॉवर चालवून पाहत नाहीत. ते काम वर्षातून एकदा. पण टाकीत तेवढं पाणी आहे का हे दर आठवड्याला पाहता येतं. ७६ लिटर गुणिले १५ म्हणजे ११४० लिटर. आमची टाकी २००० लिटरची, आणि तिच्यातूनच शौचालयांनाही पाणी जात होतं. मी एक आठवडा दुपारी एक वाजता पातळी पाहिली, ती जवळजवळ एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ६६० लिटर. त्या वेळी शॉवर नऊ मिनिटंसुद्धा चालला नसता. पंप संध्याकाळी पाच वाजता चालतो.

उपाय सोपा होता. शौचालयांचा पाइप टाकीला तळाशी लागला होता, तो काढून सुमारे १२०० लिटरच्या पातळीला वर लावून घेतला, शॉवरचा तळाशीच ठेवला. आता शौचालयं कोरडी पडली तरी शॉवरचं पाणी टाकीत उरतं. शौचालयात पाणी नाही अशी तक्रार लगेच येते आणि पंप लवकर चालू होतो, हा दुसरा फायदा. वहीत टाकीची पातळी आणि ती पाहिल्याची वेळ लिहा.

विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा आणखी एक नोंद लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या कितीतरी भागांत जमिनीखालच्या टाक्यांत पुराचं पाणी शिरलं होतं. तसं झालं तर खालची आणि वरची दोन्ही टाकी धुऊन होईपर्यंत आयवॉशवर ‘वापरू नये’ चिठ्ठी लावा आणि डोळ्यांना इजा करणारं कोणतंही रसायन बाहेर काढू नका. सुट्टीनंतरही तेच तारतम्य: दिवाळीनंतर लॅब उघडली की पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी तपासणी आणि पाणी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ सोडा.

बिघाड सापडला तर वहीत काय

बिघाडाची ओळ अर्धीच राहते, ही सगळीकडची सवय. ‘धार कमी, कळवलं’ इथे वाक्य संपतं आणि पुढे काही नाही. एक बिघाड म्हणजे पाच गोष्टी: काय दिसलं, कुणाला आणि केव्हा सांगितलं, तोवर काय बंदोबस्त केला, काय दुरुस्त झालं, आणि दुरुस्तीनंतर मोजलेला आकडा. शेवटचा आकडा येईपर्यंत ओळ उघडी समजायची. आमच्या मार्चच्या नोंदी अशा आहेत, जशाच्या तशा:

‘शॉ-१. सोमवार, दुपारी २:३५. वाट मोकळी. सील शाबूत. ओढल्यावर लगेच पाणी, सोडल्यावर चालू. १० सेकंद तांबूस. ३८ लिटरला ३३ सेकंद (मागच्या वेळी २९). पाणी ३४, नंतर ३३. टाकी पाऊण. धार कमी. सरांना आणि देखभाल विभागाला २:५० ला सांगितलं. शॉ-१ वर चिठ्ठी लावली. दुरुस्तीपर्यंत सल्फ्युरिक आणि नायट्रिक अॅसिडची कपाटं बंद.’

‘शॉ-१. बुधवार, दुपारी ३:१०. गाळणीत खवले, धुतली. ३८ लिटरला २६ सेकंद. चिठ्ठी काढली, कपाटं उघडली.’

यात कंसात मागचा आकडा लिहिलाय, ती सवय जरूर लावून घ्या. मागचं पान उलटायचा कंटाळा माणसाला असतोच, आकडा समोर असला की तुलना आपोआप होते.

चिठ्ठी लावण्याबद्दल थोडं. बंद आयवॉशवर चिठ्ठी हवी ती डोळ्यांच्या उंचीवर, आणि जवळचं चालू आयवॉश कुठे आहे ते तिच्यावर बाणाने दाखवा. पण नुसती चिठ्ठी पुरत नाही, कारण डोळ्यात काही गेलेला माणूस चिठ्ठी वाचत नाही. म्हणून त्या बाकावरचं तीव्र रसायनांचं काम थांबवायचं आणि विद्यार्थ्यांना तासाच्या सुरुवातीला तोंडी सांगायचं. हे सांगितल्याचीही ओळ लिहा.

राहिला एक प्रश्न, जो नवीन माणूस मला दर वर्षी विचारतो: आठवडा चुकला तर? सुट्टी होती, ताप आला होता, लॅब दुसऱ्या कामात गुंतली होती. तेव्हा मागच्या तारखेने नोंद करू नका, आणि दोन आठवड्यांचे आकडे एका दिवशी घेऊन वाटून लिहू नका. त्या सोमवारच्या जागी लिहा: ‘तपासणी झाली नाही, कारण आजारपण’. मग पुढच्या तपासणीत तांबूस पाणी किती सेकंद आलं ते नीट मोजा, कारण त्या वेळी पाइपात चौदा दिवसांचं पाणी होतं, आणि तो आकडा तुमच्या लॅबसाठी एक आठवडा आणि दोन आठवडे यांतला फरक दाखवतो. आमच्याकडे ‘आ-१’ ला तो फरक १५ सेकंद आणि ५० सेकंद असा निघाला होता. तेव्हापासून मी रजेवर जाताना वही आणि ताडपत्रीची नळी सोबतच्या पट्टेवाल्या काकांच्या हातात देऊन जाते, आणि त्यांची सही माझ्याच रकान्यात असते.